चौथं स्मरणपत्र

शिलाई मशिनच्या दुरुस्तीचे व्हिडिओ मी बनवते आणि माझी धाकटी नणंद ते एडिट करते. एका मशिन ऑइलच्या कंपनीने दोन व्हिडिओ सांगितले होते, त्यातला पहिला आम्ही करून दिला. त्यांना आवडला आणि चॅनलवर लागलाही. करारात तीस दिवसांत पैसे देऊ असं होतं. आज एकाहत्तरावा दिवस.

नणंदेचा हिस्सा त्यातच अडकलेला. एका लग्नाच्या फोटोवाल्याने तिला सोमवारपासून कामावर बोलावलं होतं. शनिवारपर्यंत पैसे आले नाहीत, तर ती जाणार. तिचं काय चुकलं? माझ्या भिडस्तपणावर तिने किती दिवस काढायचे?

मी तीन मेल केले होते. प्रत्येकाची सुरुवात "त्रास देतेय, क्षमस्व" अशी. कंपनीच्या मार्केटिंगमधला मुलगा दर वेळी हात जोडलेलं चित्र पाठवायचा, देव त्याचं भलं करो.

आज सकाळी नणंदेने मला सरळ कंपनीच्या हिशेब विभागात फोन लावायला लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमचं बिल आमच्याकडे आलेलंच नाही. माझे तिन्ही मेल "व्हिडिओ मंजूर" या जुन्याच मेलला उत्तर म्हणून गेले होते, फक्त त्या मुलाकडे. त्याने बिल पुढे पाठवलंच नव्हतं. आणि बिलावर त्यांचा परचेस ऑर्डर नंबर, म्हणजे काम दिल्याच्या त्यांच्या नोंदीचा क्रमांकही नव्हता. तो नसेल तर ते बिल नोंदवतच नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण निम्मा राग माझा माझ्यावरच.

"वहिनी, आता क्षमा मागू नकोस," नणंद म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

नवा मेल लिहिला, थेट हिशेब विभागाला, त्या मुलाला सीसीत ठेवून. विषयात बिल नंबर आणि "४१ दिवस थकीत". खाली व्हिडिओ दिल्याची तारीख, लिंक, रक्कम. सोबत बाईंनी फोनवर दिलेला ऑर्डर नंबर घातलेलं बिल, करार, मंजुरीचा मेल. शेवटी लिहिलं: "कृपया शुक्रवारपर्यंत पैसे जमा करावेत. तोवर दुसऱ्या व्हिडिओचं काम थांबवलं आहे." शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं, तिने दोनदा परत टाईप केलं.

तासाभरात उत्तर आलं. बिल आज नोंदवलं, आजपासून तीस दिवस.

माझा धीर सुटला. नणंदेने शांतपणे करार उघडला. मुदत व्हिडिओ दिल्यापासून मोजायची, असं चौथ्या कलमात स्पष्ट होतं. मी तेवढंच कलम उतरवलं, मागचं बिल त्यांच्याच माणसाकडे कुठल्या तारखेला पोचलं तेही लिहिलं, आणि "आपली नम्र" लिहून पाठवलं.

संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं. या शुक्रवारच्या पेमेंटच्या यादीत घेतलं आहे.

मी नणंदेला म्हटलं, कळव आता त्या फोटोवाल्याला, येत नाही म्हणून.

ती मेल पुन्हा वाचत होती. "खात्यात जमा झाले की कळवते," म्हणाली.