सुरुवातीची तारीख

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला जागा सोडायला सांगणारी नोटीस पाकिटात घालायची तेवढी राहिली होती, आणि चिमीचं घोडं नेमकं तिथेच अडलं.

चिमी वकिलाच्या ऑफिसात कामाला होती. वकील म्हणजे तिची सख्खी आत्या, पण ऑफिसात तिला मॅडमच म्हणायचं, आणि या नियमातून नाती सुटत नसत. एका मालकाच्या इमारतीतले बासष्ट भाडेकरार वाचून चिमीने एक तक्ता केला होता. पक्ष कोण, भाडं किती, डिपॉझिट किती महिन्यांचं, करार मोडताच येणार नाही असं लॉक-इन कधीपर्यंत, नूतनीकरण कसं, करार मोडायचा तर किती मुदतीची नोटीस. प्रत्येक कराराची एक ओळ. याच आठवड्यात तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. आधीच दोनदा बोलणी खाऊन झाली होती.

नोटिशीला कलमाची प्रत जोडायची म्हणून तिने सातवं कलम पुन्हा उघडलं. 'भाडे सुरू होण्याच्या तारखेपासून छत्तीस महिने दोन्ही पक्षांवर लॉक-इन राहील. तो संपल्याशिवाय कोणीही करार संपवण्याची नोटीस देणार नाही.' तिने ते दोनदा वाचलं आणि तक्ता उघडला.

तक्त्यात 'सुरुवात' नावाचा एकच रकाना होता. पहिल्या दहा करारांत सही, ताबा आणि भाडं एकाच दिवशी सुरू झालं होतं, म्हणून चिमीबाईसाहेबांना वाटलं, एक तारीख पुरे. मग त्या रकान्यात सहीची तारीख टाकत गेली, छत्तीस महिने मिळवणारं सूत्र लिहिलं आणि खाली ओढलं ते थेट बासष्टाव्या ओळीपर्यंत. दवाखान्याची सही तीन वर्षांपूर्वीच्या पंधरा जानेवारीची. खुर्च्या, नळ, वायरिंग बसवायला डॉक्टरीणबाईंना साडेचार महिने बिनभाड्याचे मिळाले होते. भाडं सुरू झालं एक जूनला. तक्त्याप्रमाणे लॉक-इन यंदाच्या जानेवारीतच संपलं होतं. कराराप्रमाणे ते मेअखेरपर्यंत होतं, आणि आज मार्चची नऊ तारीख होती.

बाराला कुरिअरवाला येणार होता. घड्याळात पावणेबारा.

चिमी उठली, बसली, पाणी प्यायली, पुन्हा उठली. गप्प बसलं तर? डॉक्टरीणबाई घाबरून जागा सोडतीलही, कोणाला पत्ता लागणार नाही. पण बाईंनी वकील केला तर मालक तोंडावर आपटेल आणि आत्याचं नाव जाईल. आणि नाही केला, तर धडधडीत चूक असलेल्या कागदावर एक बाई भिंतीतले नळ उपटत बसेल. हे दुसरं जास्त वाईट वाटलं तिला, आणि त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं. तरी पाय काही हलेनात. अखेर पाच मिनिटं उरली तेव्हा ती आत गेली.

"आत्या," ती म्हणाली. मॅडम म्हणायचं राहूनच गेलं.

"काय झालं?"

"नोटीस थांबव. लॉक-इन संपलेलं नाही. मी सहीची तारीख धरली, भाडं सुरू व्हायची नाही. माझी चूक आहे."

आत्याने कलम वाचलं. पाकीट आपल्याकडे ओढलं. मग मालकाला फोन लावला.

"नोटीस आज जात नाहीये... हो, आमच्याकडून चूक झाली... डॉक्टरीणबाईंना काय कळतंय, असं नका म्हणू. त्यांना कळो न कळो, नोटिशीवर सही माझी आहे." फोन आपटलाच तिने.

चिमी रडकुंडीला आली होती. ओरडली असती तर बरं, असं तिला वाटत होतं. आत्याने तक्ता उघडला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'तपासलं' असा तो रकाना. बासष्ट ओळींत बासष्टदा आत्याची आद्याक्षरं.

"यातला एकही करार मी उघडून पाहिलेला नाही," आत्या म्हणाली. "तू केलंस म्हणजे बरोबरच असणार, म्हणून टाकत गेले."

चिमीला लाज वाटली, नोकरी जाण्याच्या भीतीहूनही जास्त. आत्या एकेका ओळीतली आपली अक्षरं पुसू लागली. सगळी एकदम पुसता आली असती, पण ती एकेकच पुसत राहिली, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मग 'सुरुवात' मोडून तिने तीन रकाने केले: सही, ताबा, भाडं.

"पहिल्या करारापासून. तू वाच, मी लिहिते. मग मी वाचेन, तू लिही."

"आणि माझं... कायम होण्याचं?"

आत्याने खणातून एक कागद काढला. चिमीला कायम केल्याचं पत्र, खाली आत्याची सही, तारीख मागच्या सोमवारची.

"यावरही तुझं काम न वाचताच सही केली होती," आत्या म्हणाली. तिने पत्र मधोमध फाडलं, नवा कोरा कागद प्रिंटरमध्ये ठेवला, आणि चष्मा पुसून म्हणाली, "ही सही मात्र बासष्टाव्या ओळीनंतर. वाचून करेन. चल, एक नंबर घे."