पाव किलोची चटणी

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दोघा भावांच्या दुकानामागे एक खोली होती. तिथे पूर्वी मिरचीची पोती ठेवत. दोन हजार आठच्या मार्चमध्ये तिथे मृत्युंजयचा कॉम्प्युटर होता. पुण्यातली नोकरी सोडून तो वर्षभरापूर्वी परत आला होता. आई, रत्नव्वा, गेली तीस वर्षे कांदा-लसणाची चटणी करून विकत होती, आणि ती चटणी वेबसाइटवरून गावोगावी पाठवायची, एवढाच त्याचा बेत होता. थोरल्या भावाने, वीरभद्रने, वर्षभर काही म्हटले नाही. आता मात्र त्याने मुदत सांगून टाकली होती. अक्षय तृतीयेपर्यंत जमले तर ठीक, नाहीतर त्या खोलीत पिठाची गिरणी बसेल आणि मृत्युंजयने पुण्याला अर्ज करायला घ्यावेत.

चटणीचा हंगाम तेवढाच असतो. ऊन तापले की कोल्हापुरातली घरे मिरच्या वाळवतात, मिरची कुटायच्या डंकावर रांगा लागतात, आणि वर्षाची चटणी बरण्यांत भरून झाली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी विचारत नाही. म्हणूनच मृत्युंजयला घाई झाली होती. महिन्याकाठी हजारभर माणसे वेबसाइट उघडत होती, पण मागणी आली होती चौघांची, आणि त्यांतले दोघे नात्यातलेच. त्याने साधा हिशेब मांडला. गूगलवरच्या जाहिराती तिप्पट केल्या तर तिप्पट माणसे येतील.

वेबसाइट बनवणारा प्रसेनजीत त्याचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. राजारामपुरीत त्याचे दोन टेबलांचे ऑफिस होते. जाहिरातींवर जेवढा खर्च होई, त्यातला काही भाग त्याला मिळे, त्यामुळे मृत्युंजयला वाटले होते की तो लगेच होकार देईल. प्रसेनजीतने मात्र आधी आकडे मागितले आणि ते बराच वेळ पाहिले.

"वाढवतो की. माझाच फायदा हाय त्यात," तो म्हणाला. "पण तिप्पट माणसं आली तर बारा ऑर्डरी येतील. तेवढ्यावर तुझा अण्णा गप्प बसंल व्हय?"

मृत्युंजयने खुर्ची जवळ ओढली.

मग प्रसेनजीतने त्याला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, लोक काय शोधत येतात ती. भलतीच माणसे येत असती तर दोष जाहिरातीचा ठरला असता. पण येणारे कोल्हापुरी चटणी, कांदा-लसूण मसाला असेच काहीतरी टाइप करून येत होते. ज्यांना हवी तीच माणसे येत होती. दुसरी, आलेली माणसे कुठून परत जातात ती. निम्म्याहून अधिक लोक चटणीच्या पानापर्यंत पोचत आणि तिथूनच वेबसाइट बंद करत. पैसे भरायच्या पानापर्यंत क्वचितच कोणी जाई, म्हणजे कार्डाची किंवा बँकेची अडचण नव्हती. जे काही बिनसत होते ते त्या एका पानावर.

पानावर काय बिनसले असेल ते दोघांनाही दिसेना. फोटो चांगला होता, दर बाजाराला धरून होता. शेवटी प्रसेनजीतने सुचवले की अंदाज करत बसण्यापेक्षा कुणालातरी ते पान उघडायला लावू आणि ती व्यक्ती काय करते ते ऐकू. बेंगळुरूला नोकरी करणारी त्याची मामेबहीण श्रुती त्याला आठवली. मूळची कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीची असल्याने चटणीवाचून तिचे अडत असणार. त्याच दुपारी मृत्युंजयच्या खोलीतून त्याने तिला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि एवढेच सांगितले की चटणी घ्यायची आहे असे समज आणि मनात येईल ते मोठ्याने बोल.

रत्नव्वा तेव्हा दारात बसून लसूण सोलत होती.

श्रुतीने पान उघडले. फोटो बघून ती खूश झाली. मग फोनवर माऊसची टिकटिक ऐकू आली.

"दोन किलोच्या खाली न्हायच का काही?" तिने विचारले. "पाव-अर्धा किलो? दोन, पाच, दहा. कुणाचं लगीन हाय?"

मृत्युंजयने चमकून प्रसेनजीतकडे पाहिले. हे आकडे मृत्युंजयनेच त्याला लिहून दिले होते, आणि लिहिताना त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नव्हते. दुकानात येणारी बाई वर्षाची चटणी नेते. दोन किलो म्हणजे लहान कुटुंब.

रत्नव्वाला मात्र ते बोलणे लागले. ती तिथूनच म्हणाली, "पाव किलो चटणी आम्ही कुणाला दिली न्हाय कधी. पाव किलो शेजारणीला उसनी देत्यात, बाई. विकत न्हाय."

"काकू, आम्ही तिघी एका खोलीत राहतो," श्रुती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा राहिली नव्हती. "बाकीच्या दोघी तिखट खात न्हाईत. स्वयंपाकघरात माझ्या वाटणीला एक फळी हाय. दोन किलो ठेवू कुठं? आणि तुमच्या हातची मी अजून चाखलीबी न्हाय."

फोन झाल्यावर रत्नव्वाने सोललेल्या पाकळ्या परडीत गोळा केल्या आणि आत निघून गेली.

मृत्युंजय अस्वस्थ झाला. पान बदलले तरी ते चालते की नाही हे कळायला दोन-तीन आठवडे जाणार होते, आणि तेवढ्यात अर्धा हंगाम सरला असता. दोन्ही एकदम करू, असे तो म्हणून बसला. प्रसेनजीतने समजुतीच्या सुरात नकार दिला. जाहिरातीही वाढवल्या आणि पानही बदलले, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही; जाहिराती आहेत तेवढ्याच चालू ठेवायच्या आणि फक्त पान बदलायचे. तो पुढे म्हणाला, "गळक्या घागरीत नळ मोठा करून काय उपयोग? अव्वांना विचार आधी. चटणी त्यांची हाय."

संध्याकाळी मृत्युंजय विचारायला गेला, तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. तिने उलट त्यालाच विचारले, ती पोरगी एकटीच जेवते का. तिघी मिळून, तो म्हणाला, पण दोघी तिखट खात नाहीत. रत्नव्वाने मनाशी काही जुळवले.

"मग पाव किलो एकटीला महिनाभर जाईल," ती म्हणाली. "पर कागदात बांधून देऊ नको. वास गेला तर माझं नाव जाईल."

पुढचे दोन दिवस जाड पिशव्या शोधण्यात आणि त्या बंद करण्याचे यंत्र आणण्यात गेले. प्रसेनजीतने पानावर पाव किलो सर्वांत वर ठेवली, त्याखाली एका माणसाला साधारण महिनाभर पुरते असे लिहिले आणि कुरिअरचा खर्च दरातच धरला. दोन आणि पाच किलो खाली तशीच राहू दिली. मग वाट पाहण्यावाचून काम उरले नाही. पहिल्या चार दिवसांत एकच मागणी आली आणि मृत्युंजयने पुण्यातल्या दोन कंपन्यांचे पत्ते काढून ठेवले. पाचव्या दिवशी तीन आल्या.

तीन आठवड्यांनी दोघांनी आकडे पाहिले. येणारी माणसे पूर्वीइतकीच होती. मागण्या सव्वीस होत्या, त्यांतल्या चोवीस पाव किलोच्या, आणि हैदराबादच्या एका गृहस्थाने पाव किलो संपायच्या आत दोन किलो मागवली होती. प्रसेनजीतने सावधपणे सांगितले की आता जाहिराती थोड्या वाढवायला हरकत नाही; तिप्पट नको, दीडपट करून बघू.

हे सगळे मृत्युंजयने रात्री जेवताना वीरभद्रला सांगितले. वीरभद्र मान खाली घालून जेवत होता. सव्वीस म्हणजे दुकानातल्या एका सकाळचे गिऱ्हाईक, एवढेच तो बोलला, आणि हात धुवायला उठला. मृत्युंजयला तोच निकाल वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरभद्र मागच्या खोलीत आला. त्याच्या हातात दुकानातल्या मोठ्या काट्याऐवजी एक नवा छोटा काटा होता, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा. तो त्याने कॉम्प्युटरशेजारी ठेवला, त्यावर चटणीची एक पिशवी तोलून पाहिली आणि आकडा नीट वाचला.

"आठ ग्रॅम जास्त जात्यात," तो म्हणाला. "गिरणीवाल्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय."