उजव्या खुर्चीचा टीव्ही

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. तोपर्यंत सात सामने झाले होते आणि त्यांतल्या सहांत उजव्या खुर्चीवर बसलेला खेळाडू हरला होता.

माझी पुतणी मोना वैशाली नगरात गेमिंगची खोली चालवते. तिथे एकसारखे दोन कन्सोल आहेत. टीव्ही मात्र दोन तऱ्हेचे: डावीकडचा मोठा, फोरकेचा आणि नवा, उजवीकडचा फुल एचडीचा आणि जुना. उजेड-अंधाराचे बारकावे दाखवणारा एचडीआर दोघांतही आहे. रायपूरच्या स्पर्धेसाठी या खोलीतून एकच नाव जाणार होते. चिठ्ठीने उजवी खुर्ची मिळालेली उन्नती नुकतीच परागकडून तीन-शून्यने हरली होती. तिन्ही वेळा ती खेळातल्या अंधाऱ्या बोगद्यातच मारली गेली.

"अंधारात डोळे मिटून घेते का वो तू?" पराग हसत म्हणाला.

उन्नती आयटीआयची विद्यार्थिनी, मोजके बोलणारी. तिने कंट्रोलर खाली ठेवला. "मोनादीदी, माझं नाव काटून टाका. मले नाही जमत. तिथं कोणी उभं असते हेच मले दिसून नाही राहिलं."

"दिसत कावून नाही?" मोना म्हणाली. "दोन्हीची सेटिंग सेम आहे. शालिकराम काकांनी सोता केली."

शालिकराम म्हणजे मी, आणि ते खरे होते. पॉलिटेक्निकमधून निघाल्यावर चौतीस वर्षे मी पोलाद कारखान्यात उपकरणांचे कॅलिब्रेशन केले. चालू पंप आणि राखीव पंप यांचे आकडे तंतोतंत सारखे ठेवायचे, ही आमची शिस्त. त्याच शिस्तीने आदल्या दिवशी मी डाव्या कन्सोलची सगळी सेटिंग वहीत उतरवली आणि उजव्यावर चढवली. एचडीआरच्या कॅलिब्रेशनमध्ये पडद्यावरचे चिन्ह दिसेनासे होईपर्यंत बटण दाबायचे असते. डावीकडे पंधरा दाब लागले, म्हणून उजवीकडेही मी पंधराच दिले. पडद्याकडे पाहिलेही नाही.

"उन्नती, थांब जरा," मी म्हणालो. "दोघंही त्याच बोगद्यात त्याच जागी उभे राहा."

दोघे उभे राहिले. डावीकडे भिंतीला टेकलेले लाल पिंप स्पष्ट दिसत होते. उजवीकडे त्या जागी नुसता काळोख, आणि बोगद्याचे तोंड म्हणजे एक पांढरा ठिपका, त्यात ना ढग ना झाड.

परागचे हसणे थांबले. "इथं तर पिंपच नाही, काका."

मी वही उघडली. पहिली ओळ रिझोल्यूशनची. उजव्या टीव्हीला मी २१६०पी, म्हणजे फोरके, देऊन पाहिले होते, चित्र आले नाही आणि कन्सोल आपोआप १०८०पीवर परतला. आपण त्या टीव्हीसारखे नाही, हे या टीव्हीने तेव्हाच सांगितले होते. मी शेजारी फक्त 'अपवाद' असे लिहून पुढे गेलो होतो.

दुसरी ओळ आरजीबी रेंजची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची: फुल. फुलमध्ये काळा शून्यापासून सुरू होतो आणि पांढरा २५५ वर संपतो, लिमिटेडमध्ये हाच पल्ला १६ ते २३५ असतो. डावा टीव्ही फुलवर लावलेला होता. उजव्याच्या मेनूत तसा पर्यायच नव्हता, तो लिमिटेडच समजत होता. कन्सोल फुल पाठवी आणि टीव्ही १६ च्या खालचे सगळे काळेच मानी. पिंप त्या काळ्यात बुडाले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पोरीच्या डोळ्यांत दोष नाही."

कन्सोलची रेंज लिमिटेड केली. पिंप दिसू लागले, गंजासकट. मग, रेंज जुळल्यानंतरच, एचडीआर नव्याने.

"बटण तूच दाब," मी उन्नतीला म्हणालो. "चिन्ह दिसेनासं झालं की थांबायचं. माझे आकडे विसर."

ती मनातल्या मनात मोजत होती. "नऊ, काका. नवव्यालाच गायब झालं." जुना टीव्ही तितका प्रखर नव्हता, त्याला पंधरा पेलणारे नव्हतेच. कॅलिब्रेशनचे पुढचे दोन पडदेही तिने तसेच पाहून लावले. बोगद्याच्या तोंडाशी आता ढग दिसत होते.

मोनाने सातही सामने रद्द केले. परागने कुरकुर केली नाही. "पहिल्या फेरीले मीच बसतो उजवीकडं. नाही तर ही जन्मभर बोलून दाखवेल."

"बोलणारच हाव," उन्नती म्हणाली.

इतर सामने पुन्हा झाले आणि शेवटी परत हेच दोघे उरले. दर फेरीला खुर्च्या बदलायच्या असे ठरले. चार फेऱ्यांनंतर दोन-दोन. पाचवीसाठी नाणे उडवले, कौल उन्नतीचा लागला.

"कोणती खुर्ची?" मोनाने विचारले.

"उजवी."

बोगद्यात पराग पिंपाआड दबा धरून बसला होता. ती तोंडाशीच थांबली; पिंपामागचा त्याचा खांदा तिला दिसला होता, आणि पहिला वार तिचा पडला.

उन्नती तीन, पराग दोन.