टोकन बाद

या, असे जवळ सरका. खुर्ची नको तर सतरंजीवर बसा, पण जवळ बसा. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, कारण जिची आहे ती बाई त्या दिवसांत फार हळू बोलायची. एका पावतीवरच्या दोन अक्षरांची गोष्ट. चित्त द्या, लांबवत नाही.

रांझीच्या इंदूताई वाकोडे. त्यांचे यजमान गुणवंतराव फॅक्टरीतून रिटायर झालेले. जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला त्यांनी आपली जुनी व्हॅन नर्मदेच्या ग्वारीघाटावर नारळ-फुलं विकणाऱ्या गुड्डन बर्मनला द्यायचं ठरवलं. किंमत एक लाख साठ हजार. वीस हजार टोकन घेतलं आणि वहीचं पान फाडून आपल्या हातानं पावती लिहून दिली. बाकी बारा फेब्रुवारीपर्यंत. तीन फेब्रुवारीला सकाळी गुणवंतरावांनी अंघोळीला पाणी काढलं, आणि ते पाणी बादलीतच राहिलं.

तेव्हापासून इंदूताईंना कोणी बस म्हटलं की त्या बसायच्या, जेव म्हटलं की जेवायच्या. रडू काही येत नव्हतं. भावजय म्हणाली, येईल. त्या म्हणाल्या, बरं.

मार्चच्या दोन तारखेला मुलानं, पियूषनं, त्यांना आरटीओबाहेर अंबादासच्या टेबलाशी आणून बसवलं. अंबादास फॉर्म भरणारा, नागपूरकडचा. गाडी अजून गुणवंतरावांच्याच नावावर. मालक गेला की ती आधी वारसाच्या नावावर चढवावी लागते, मगच विकता येते. त्यासाठी फॉर्म एकतीस, मृत्यूचा दाखला, वारसाचं शपथपत्र, मुलाची ना-हरकत. अंबादास एकेक कागद पुढे सरकवत होता, इंदूताई बोट दाखवलं तिथे सही करत होत्या.

गुड्डनलाही पियूषनं तिथेच बोलावलं होतं. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर गमछा. आल्या आल्या त्यानं इंदूताईंना वाकून नमस्कार केला.

"चाची, कैसी हो?"

"ठीक," त्या म्हणाल्या.

पियूष सरळ मुद्द्यावर आला. "देखो भैया, तारीख निकल गई. बारा फरवरी लिखी है. अब सौदा कॅन्सल. पापा ने खुद लिखा है, तारीख गई तो टोकन बाद. मतलब टोकन बाद में लौटा देंगे. गाड़ी बिक जाए, फिर आपके बीस हजार वापस."

अधारतालचा एक जण एक लाख ऐंशीला तयार होता. हे पियूषनं आईला रिक्षात सांगितलं होतं. तिनं ऐकलं होतं, म्हणजे कानावर पडलं होतं.

गुड्डन म्हणाला, "बाद में वापस, ये तो हमने भी पढ़ा है. पर हमें पैसा नहीं चाहिए, भैया. गाड़ी चाहिए. ऑटोवाला रोज के चार सौ ले लेता है."

अंबादासनं हात पुढे केला. "दाखवा बरं ती पावती." चष्मा वर सरकवून त्यानं वाचली आणि पियूषकडे पाहिलं. "बाबू, तू मराठी घरचा ना? 'मुदत चुकली तर टोकन बाद.' हे हिंदीतलं बाद नाही. मराठीतलं बाद आहे. बाद म्हणजे गेलं. परत मिळत नाही."

पियूषनं पावतीवर वाकून ती ओळ पुन्हा वाचली. मग आईकडे झुकला. आता तो मराठीत बोलत होता, अडखळत. "आई, खरंच असं आहे का? मग टोकनबी आपलंच झालं ना? गाडी तिकडे देऊ, आणि हे वीस..."

गुड्डनला शब्द कळले नाहीत, पण काहीतरी फिरलं हे कळलं. तो अंबादासकडे पाहत राहिला. अंबादासनं त्याला हिंदीत समजावलं. गुड्डन गमछ्याचं टोक दोन बोटांत धरून उभा राहिला.

इंदूताईंनी पावती हातात घेतली. 'बाद'मधला द गुणवंतराव असाच काढायचे, शेपूट लांब. इंदूताईंना अर्थ माहीत होता. घरात भिशीच्या हिशोबात, पत्त्यांच्या डावात, सगळीकडे यजमानांचा हाच शब्द. चुकून लिहिलेला नव्हता. नवऱ्यानं जे लिहिलं ते त्यांच्या बाजूनं होतं, आणि तरीही त्यांना काही वाटत नव्हतं. आनंद नाही, वाईट नाही. लाकडी बाकावर बसल्यावर पाय बधिर होतात, तसं सगळं अंग.

"बारा तारखेला तुम्ही कुठं होता?" त्यांनी विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"घाट पे, चाची. दुकान पे."

"पैसा नहीं था?"

"था. एक लाख चालीस, गमछे में बँधा था. रांझी आने को निकला था. तभी देखा आप लोग सीढ़ी पे बैठे हो, पंडितजी पिंड करा रहे हैं." तो थांबला. "उस टाइम कैसे बोलता, कि चाची, पैसे गिन लो?"

बारा तारीख. दहावा दिवस. इंदूताईंना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं, पाणी फार थंड होतं एवढंच. कोणीतरी वरच्या पायरीवर उभं होतं का? असेलही.

"त्या दिवशीचा नारळ कोणी दिला होता?" त्यांनी पियूषला विचारलं.

पियूष खाली पाहत म्हणाला, "यांच्याच दुकानातून आला होता. पैसे घेतले नाहीत त्यांनी."

इंदूताईंनी पावती टेबलावर ठेवली. "अंबादासभाऊ, दुसरी लिहा."

"आई, वीस हजार जास्त..."

"त्या दिवशी हे भैया पैसे घेऊन आले असते तरी आपण गाडी कोणाच्या सहीनं दिली असती रे? सही करणारा होता काय?" आवाज चढला नाही.

अंबादास कामाला लागला. तो फार नेमका माणूस. लिहीत होता हिंदीत आणि बोलत होता दोन्ही भाषांत, म्हणजे दोघांनाही एकच अर्थ लागावा. "गाडीचा नंबर. ठरलेली किंमत एक लाख साठ. वीस हजार अठ्ठावीस जानेवारीलाच मिळाले, आज नवीन काही घेतलं नाही. हे लिहायलाच पाहिजे ताई, नाही तर दोन पावत्या म्हणजे चाळीस हजार होतात. बाकी एक लाख चाळीस. आरसी तुमच्या नावावर चढली की सात दिवसांत. काम रेंगाळलं तर शेवटची तारीख पंधरा एप्रिल. तोपर्यंत तुमच्याकडून कागद झाले नाहीत तर?"

"पूरे पैसे वापस," इंदूताई म्हणाल्या. "तुरंत."

"और कागद हो गए, पर हमारी बाकी ना आई तो?" गुड्डननं स्वतःच विचारलं.

अंबादासनं पेन थांबवलं. सगळे इंदूताईंकडे पाहत होते.

"तो टोकन जब्त," त्या म्हणाल्या. "जब्तच लिहा. बाद नको."

गुड्डननं मान हलवली. "ये ठीक है."

जुन्या पावतीवर आडवी रेघ मारून 'निरस्त', म्हणजे रद्द, असं लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. नवीच्या दोन प्रती, एक रुपयाचं रसीदी तिकीट. विक्रेत्याच्या रकान्यात अंबादास लिहीत होता, इंदू वाकोडे, पत्नी... आणि तिथं तो अडला. मग हळूच 'स्व.' लिहून पुढे नाव लिहिलं.

इंदूताईंनी ते अक्षर पाहिलं. महिनाभर सगळ्यांनी गेले, वारले, नाही राहिले असं म्हटलं होतं. मघाच्या कागदांवर त्यांनी न वाचताच सह्या केल्या होत्या; लिहिलेलं त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी त्याच्या खाली सही केली, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. शाई वाळायला वेळ लागला. पियूषनं साक्षीदार म्हणून सही केली आणि आईची पिशवी उचलली.

पुढं आरसी झाली, बाकी आली, व्हॅन घाटावर गेली. ते सगळं कागदाप्रमाणे झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एवढंच मागतो तुमच्याजवळ. नर्मदामाईपुढे कधी हात जोडलेत तर आपल्या माणसांच्या नावांबरोबर गुणवंत वाकोडे हेही नाव एकदा मनात घ्या.