मनकर्णाबाईंची बुद्धगया

मनकर्णाबाई बुद्धगयेला पोचल्या, त्या दिवशी खरं तर त्या जालन्याला लेकीच्या ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

त्यांना गयेला पोचवलं ते नातीनं, रूपानं. वर्षभरापूर्वी हर्सूलच्या त्यांच्या विहारातून गयेची सहल निघाली होती. मनकर्णाबाईंनी नाव दिलं आणि ऐन वेळी गुडघ्याचं कारण सांगून मागं घेतलं. तेव्हापासून आजी हळहळते, हे रूपाला ठाऊक होतं. म्हणून तिनं आजीचा नात्यातल्या एका लग्नातला, पांढऱ्या साडीतला अलीकडचा फोटो मोबाईलमधल्या एका ॲपमध्ये टाकला आणि लिहिलं, ह्या बाईंना महाबोधी विहारासमोर उभं कर, सकाळचं ऊन दे. पहिल्या खेपेला ॲपनं आजीला चाळिशीचीच करून टाकलं. 'चेहरा आहे तसा ठेव, सुरकुत्या राहू दे,' असं बजावल्यावर तिसऱ्या खेपेला जमलं. मागं उंच शिखर, पुढं मनकर्णाबाई, हात जोडलेले.

फोटो जालन्याला पोचला. मनकर्णाबाईंनी तो बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटा आहे हे माहीत असूनही आले, त्याला काय करणार?

"आज्जी, स्टेटसला ठेवशील तर खाली लिही बरं, कॉम्प्युटरनं बनवलाय म्हणून," रूपा फोनवर म्हणाली. "कोपऱ्यात ॲपची खूण होती. मी फोटो उभा कापला, त्यात ती गेली."

"कोण बघतंय माझं स्टेटस? घरचेच चार," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि काहीच न लिहिता फोटो ठेवून मोकळ्या झाल्या.

घरचे चार सोडून चाळीस जणांनी बघितला. बाई आठ दिवस गावात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. कुणीतरी तो उचलून विहाराच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या मनकर्णाबाई गयेला जाऊन आल्या.' त्याखाली 'साधू, साधू, साधू' अशा धन्यतेच्या शब्दांची रांग लागली. मनकर्णाबाईंनी ते वाचलं. उत्तरात 'अगं, तसं नाही' असं लिहायला घेतलं, पण लिहिता लिहिता ते खोडून नुसते जोडलेले दोन हात पाठवले. बोटाचंच तर काम होतं. पण खोटं झालं ते तिथं झालं, फोटोत नव्हे.

त्या रात्री त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, तर पायात चपला. विहारासमोर, हात जोडून, आणि चपला घालून. त्यांच्या सबंध आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. मनाला फार लागलं त्यांच्या. तरी दुसऱ्या दिवशीही त्या गप्पच राहिल्या.

शनिवारी त्या हर्सूलला परतल्या आणि रविवारी सकाळी विहारात गेल्या. वंदनेला बायकांच्या पुढं बसून पंचशील म्हणायचा मान गेली बारा वर्षं त्यांच्याकडं होता. तिथली आणखी एक रीत होती. गयेहून कुणी आलं, की वंदना झाल्यावर त्यानं उभं राहून सगळ्यांना तिथलं सांगायचं. जे कधी जाऊ शकणार नाहीत त्यांनी ते ऐकायचं.

पायरीवरच रत्नमालाबाई भेटल्या. दोघी लहानपणच्या मैत्रिणी, आणि दोघींच्याही गुडघ्यांची बोंब. विहारात खुर्चीवर बसणाऱ्या दोघीच.

"मने, तुझं लई भलं होवो," रत्नमालाबाई म्हणाल्या. "भूषण मला गयेला पाठवायला तयार नव्हता. म्हणं, आई, तुझ्यानं व्हायचं नाय. मग मी त्याला तुझा फोटो दाखवला. म्हटलं, बघ, मनकर्णेचे गुडघे माझ्याहून बाद, ती उभी हाय का नाय तिथं? आज यंदाच्या सहलीत माझं नाव लिहायला येतोय. आता मला सांग, उतरायला पायऱ्या किती हायेत?"

 पायऱ्या आहेत की नाहीत, हेच मनकर्णाबाईंना माहीत नव्हतं.

"रत्ना, मी गेले नव्हते," त्या म्हणाल्या. "जालन्याला होते. फोटो रूपानं मोबाईलमध्ये बनवलाय."

रत्नमालाबाईंनी मैत्रिणीचा दंड घट्ट धरला. 

"मला सांगितलंस, बस झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भूषणला सांगू नको. पंधरा दिवसांनी गाडी हाय. एकदा बसले की बसले. माझं वय काय राहिलंय आता?"

त्या आत निघून गेल्या. मनकर्णाबाईंना रत्नाचा राग आला नाही, स्वतःचाच आला. रत्ना तिथं अर्ध्या वाटेत अडकून बसली, तर तिला कोण उचलणार होतं? स्टेटस?

वंदना सुरू झाली. मनकर्णाबाई एकेक शील म्हणत गेल्या, मागून बायका म्हणत गेल्या. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. तेही त्यांनी म्हटलं. आवाज कापला नाही, शब्द अडला नाही, बारा वर्षांची सवय होती. इतकं सहज म्हणता आलं, याचीच त्यांना लाज वाटली.

वंदना संपल्यावर विहाराचे सचिव मोतीरामजी म्हणाले, "आता मनकर्णाबाई गयेचं सांगतील." दाराशी रत्नमालाबाईंचा मुलगा, बुद्धभूषण, हातात आईचं आधार कार्ड घेऊन उभा होता.

मनकर्णाबाई खुर्चीचा हात धरून उठल्या.

"मी गयेला गेले नाय," त्या म्हणाल्या. "फोटो मोबाईलनं बनवलेला हाय. नात म्हणत होती खाली तसं लिही, मी लिहिलं नाय. तुम्ही साधू साधू म्हणालात ते मला गोड लागलं, म्हणून गप बसले. आणि भूषण, तू त्या फोटोवर विसंबून आईचं नाव लिहायला आला असशील तर थांब. तिथं पायऱ्या किती, चालायचं किती, मला एक अक्षर माहीत नाय."

 मागं दोन पोरी हसल्या आणि गप्प झाल्या. रत्नमालाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

बुद्धभूषण पुढं आला. त्यानं मोतीरामजींना विचारलं. ते दोनदा जाऊन आले होते. "पायऱ्या उतरून खाली जावं लागतं," ते म्हणाले, "आणि चालणंही बरंच. पण सावकाश जाणारी म्हातारी माणसं जातात. कुणीतरी सोबत मात्र पाहिजे."

बुद्धभूषणनं आधार कार्ड खिशात घातलं. रत्नमालाबाईंचे खांदे पडले.

"आईला विचारलं, दुखतंय का, तर रडत असली तरी नाय म्हणती," तो मनकर्णाबाईंना म्हणाला. "तिच्यासोबत पाठवायला मला खरं सांगणारं माणूसच सापडत नव्हतं. मावशी, आधी दोघींना डॉक्टरकडं नेतो. ते हो म्हणाले तर तुम्ही दोघी जायचं. रोज संध्याकाळी तुम्ही मला फोन करायचा, आई किती चालली, किती दुखलं. जमंल?"

 आत्ताच भर सभेत मनकर्णाबाईंनी ज्या तोंडानं खोटं कबूल केलं, त्याच तोंडावर पोरगा भरवसा ठेवत होता. त्यांनी मान हलवली, आणि मग, ग्रुपवर नुसते हात जोडून काय झालं होतं हे आठवून, "व्हय, सांगीन," असं मोठ्यानं म्हणाल्या.

भिंतीकडं तोंड केलेल्या रत्नमालाबाई तशाच बसून म्हणाल्या, "मने, रोज फोन करशील तवा थोडं कमी करून सांग."

"जेवढं दुखंल तेवढंच सांगीन," मनकर्णाबाई म्हणाल्या.