मरतुकीचा रकाना

गोकुळची मोटारसायकल बत्तीस हजारांना गेली. घेणारा शेजारच्या गावचा होता, त्याला या गाडीवर कोण गेलं ते ठाऊक होतं, म्हणून त्याने फार घासाघीस केली नाही. शेषरावांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि सुनेच्या हातात दिले. जयमालाने ते पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि कणीक मळायला घेतली.

बुलढाण्याच्या रस्त्यावर ट्रकने तिच्या नवऱ्याला, गोकुळला उडवलं, त्याला सात महिने झाले होते. या सात महिन्यांत जयमाला एकदाही मोकळी रडली नव्हती. धाड गावच्या बायकांनी त्याची चर्चा पुरेशी केली. कोणी म्हणे दगड आहे, कोणी म्हणे धक्का बसलाय. जयमालालाही त्यातलं कोणतं खरं ते सांगता आलं नसतं. चहा गोड लागायचा नाही आणि कडूही लागायचा नाही. सासू आशाबाईंचे गुडघे शेकायचे, जनावरांना पाणी दाखवायचं, दिवस मावळला की झोपायचं. मूलबाळ नव्हतं. कोणी काही विचारलं तर ती म्हणायची, बघू.

भावाला मात्र 'बघू' पुरेना. अविनाश वडनेर भोलजी गावचा, शेती करणारा, स्वभावाने सरळ. त्याने घरामागची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. बहीण सासू-सासऱ्यांच्या जिवावर जगते की सासू-सासरे बहिणीच्या, याचा काही तरी निकाल लागावा असं त्याला वाटे. जयमाला कोंबड्या पाळायचं म्हणते आहे हे कळल्यावर त्याने फोनवर एक आकडा ठरवून टाकला. महिन्याकाठी हातात तीन हजार उरत असतील तर राहा, नाही तर रविवारी जीप घेऊन येतो. जयमाला म्हणाली, चालेल. तिला खरंच चालणार होतं. राहायचं की जायचं हे ठरवायची ताकद तिच्यात नव्हती, तेव्हा हिशोबानेच ठरवलेलं बरं.

कोंबड्यांची कल्पनाही तिची नव्हती. गावची पशुसखी बेबीताई हिने ती तिच्या डोक्यात घातली होती. बेबीताई म्हणजे पाच गावच्या शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणारी, बर्फाचा थर्मास खांद्याला लावून फिरणारी बाई. बोलायला लागली की समोरच्याला हूं म्हणायलाही जागा ठेवत नसे. गुरुवारी ती खर्च-उत्पन्नाचं छापील पत्रक घेऊन आली आणि ओट्यावर मांडी घालून बसली. जयमाला समोर. शेषराव जरा बाजूला, खाटेवर, चष्मा पुसत.

शेषराव बाजारात पस्तीस वर्षं मापाडी होते. व्यापारी चहा पाजायचे, शेतकरी हात जोडायचे, पण या माणसाने कधी काट्याला बोट लावलं नाही. वजनचिठ्ठीवर त्यांची सही असली की लोक पुन्हा तोलायचं नाव काढत नसत. तेव्हा पत्रकाची पक्की प्रत तेच लिहिणार हे न बोलता ठरलेलं होतं.

बेबीताईने एकेक रकाना घेतला. पिल्लं शंभर, महिन्याची वाढवलेली, शंभर रुपयाला एक. एका दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांना रात्रंदिवस बल्बची ऊब लागते आणि धाडची लाईट कधी जाईल ते लाईटलाही माहीत नसतं. दहा हजार झाले. शेड दहा बाय पंधराची, जुने पत्रे घरचेच, जाळी आणि बांबू विकतचे, साडेनऊ हजार. खाद्याची आणि पाण्याची भांडी दीड हजार. लस आणि जंताचं औषध सातशे. पहिल्या लसी देऊनच पिल्लं येतात, पण देवी आणि मानमोडीची लस इथे टोचावीच लागते, आणि कुपी फोडली की दोन तासांत संपवावी लागते.

"खाद्यात लोकं फसतेत," बेबीताई म्हणाली. "पिल्लू आणलं का अंडं सुरू, असं धरतेत. अंड्याले साडेचार महिने हायेत बाई. तवरोक ते खातेच खाते."

शंभर पिल्लं म्हणजे शंभर कोंबड्या नव्हेत, हेही तिने बजावलं. निम्मे कोंबडे निघतात. ते चार महिन्यांचे होईतो अडीच अडीच किलो खातील आणि तीनशेला एक असे जातील. तो पैसा पुढच्या पिल्लांसाठी बाजूला ठेवायचा, खर्चायचा नाही. कोंबडी अंड्यावर येईतो चार किलो खाईल. उकिरड्यावर चरून पोट भरते म्हणून एवढ्यात भागतं. मका, सोयापेंड आणि भरडा घरी मिसळला तर अठ्ठावीस रुपये किलो. सव्वातीनशे किलोचे नऊ हजार शंभर. शेषरावांनी बेरीज तोंडाने केली. तीस हजार आठशे. बत्तीस हजारांतून बाराशे उरत होते. गाडीचे पैसे इतके नेमके पुरावेत याचं जयमालाला ना बरं वाटलं ना वाईट.

मग अंडी. सुधारित जातीची कोंबडी वर्षाला एकशेचाळीस घालते. गावात अंड्याला दहा रुपये. अंड्यावरच्या कोंबडीला रोज साठ ग्रॅम वरचं खाद्य. औषधपाण्याला महिना दोनशे. शेवटी पत्रकाच्या तळाशी एक बारकासा रकाना होता. मरतूक.

"इथं वीस लेहा," बेबीताई म्हणाली. "जुन्या बायकाइचे दहा मरतेत. हे पयल्यांदा करून राह्यली. मुंगूस हाय, मांजर हाय, गल्लीतले कुत्रे हायेत. वीस धरा म्हणजे मंग रडाचं काम नाही."

शेषरावांनी मान हलवली. बेबीताई थर्मास उचलून गेली.

रविवारी सकाळी पक्की प्रत तयार होती. शेषरावांचं अक्षर ठसठशीत, आकडे रांगेत उभे. जयमालाने पत्रक वरून खाली वाचलं. कोंबड्या पन्नास. महिन्याची अंडी पाचशे त्र्याऐंशी, त्याचे पाच हजार आठशे तीस. खाद्य नव्वद किलो, दोन हजार पाचशे वीस. औषध दोनशे. उरले तीन हजार एकशे दहा.

तिने बोट पुन्हा वर नेलं. कोंबड्या पन्नास. शंभराच्या निम्म्या. मग ती सावकाश खाली आली. मरतुकीच्या रकान्यात एक गोल शून्य काढलेलं होतं. शाई जरा जास्त बसलेली, पेन तिथे थांबलं असावं.

शेषराव विसरलेत असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. पोत्याचं बारदान वजा करताना पाव किलो इकडचं तिकडे न करणारा माणूस वीस जीव विसरत नसतो. ते खाटेवरच बसले होते आणि पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसत होते.

"मामाजी," ती म्हणाली, "बेबीताईनं वीस सांगतले होते."

"हाव."

"मंग शून्य काऊन?"

शेषरावांनी नजर अंगणातल्या पत्र्यांकडे नेली. आत आशाबाईंचं कण्हणंही थांबलं होतं, म्हणजे त्या ऐकत होत्या.

"येक तं मेलेल्याइचा आकडा लेहू वाटला नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली गेला. "अन् खरं लेहिलं तं तीन हजार बसत नाही. नाही बसलं तं अविनाश तुले घेऊन जाईन. तुह्या आत्याबाईले अन् मले दुसरं कोण हाय?"

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. पस्तीस वर्षांत जे बोट काट्याला लागलं नव्हतं, ते तिच्यासाठी लागलं होतं, आणि त्याची त्या म्हाताऱ्याला एवढी लाज वाटत होती की त्यांचा कानसुद्धा लाल झाला होता. जयमाला त्या कानाकडे बघत राहिली. गोकुळचा कान असाच होता, खालची पाळी चिकटलेली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीत काहीतरी दुखलं. चांगलं सणकून दुखलं. ती ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, घशातून आवाज येईतो रडली. कोणी तिला उगी म्हणालं नाही. आशाबाई आतून गुडघे ओढत आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून बसल्या, तेवढंच.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि सासऱ्यांच्या खिशातलं पेन मागितलं. शून्यावर आडवी रेघ मारून तिने वीस लिहिलं. मग उरलेल्या ऐंशीच्या निम्म्या, चाळीस कोंबड्यांचा हिशोब मांडला. अंडी चारशे सहासष्ट. चार हजार सहाशे साठ रुपये. खाद्य बाहत्तर किलो, दोन हजार सोळा. औषध दोनशे. दोन ठिकाणी बोटांवर मोजावं लागलं, पण उत्तर आलं.

अविनाश अकराच्या सुमारास आला. जीप पिंपळाखाली लावली, पाणी प्याला, आशाबाईंच्या पाया पडला आणि हिशोब कुठवर आला ते विचारलं. शेषराव उठून उभे राहिले. जयमालाने पत्रक स्वतःच पुढे केलं, खाडाखोडीसकट.

अविनाशने ते वाचलं. तो हिशोबाला कच्चा नव्हता. त्याने खालचा आकडा दोनदा पाहिला, मग बहिणीचे सुजलेले डोळे पाहिले.

"जया, हे तं तीन हजार नाही भरत."

"नाही भरत. दोन हजार चारशे चव्वेचाळीस भरतेत, दादा." तिचा आवाज रडून बसला होता, पण हलत नव्हता. "ते बी साडेचार महिन्यानं. मी इथंच राह्यते."

"मंग हिशोब कायले केला?"

 जयमाला चुलीकडे गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. भाऊ रागावला होता थोडा, आणि थोडा मोकळाही झाला होता. रंगवलेली खोली राहू दे, सणाला ये, असं काहीतरी तो आशाबाईंशी बोलत राहिला.

शेषरावांनी पत्रक त्याच्या हातून घेतलं. चष्मा चढवून त्यांनी तिची सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा एकदा करून पाहिली, जशी कोणाचीही करत आले होते. चूक नव्हती. मग खाटेवर बसून, मरतुकीच्या रकान्यात जिथे वीस लिहिलं होतं, त्याच्या शेजारी त्यांनी आपली वजनचिठ्ठीवरची जुनी सही केली.