पूर्ण वाक्यांचा वेग

आमच्या प्रकाशनात एक विचित्र शिस्त आहे. कसं करावं हे शिकवणारं कुठलंही पुस्तक, त्यातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाने वाचून, करून बघितल्याशिवाय छपाईला जात नाही. शिवणकामाच्या पुस्तकासाठी मी ब्लाउज शिवला होता. त्यात माझा हात आजतागायत शिरलेला नाही, पण त्यामुळे बाहीचं प्रकरण लेखिकेला नव्याने लिहावं लागलं. गच्चीवरच्या बागेच्या पुस्तकासाठी खुद्द मालकांनी टोमॅटो लावले आणि ते जगल्याचं ते अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. नियम एकच, करून बघणाऱ्याने कुणाला काही विचारायचं नाही. अडलं तर कच्च्या छपाईच्या समासात प्रश्न लिहायचा. विचारावं लागलं म्हणजे पुस्तक कमी पडलं.

मग धावण्याचं पुस्तक आलं. वयाच्या चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर धावू बघणाऱ्यांसाठी. लेखक एक निवृत्त प्रशिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. पाच महिन्यांचा आराखडा होता, चालण्यापासून सुरुवात, आठवड्यातून तीनदा धावणं, रविवारी लांबचं, आणि शेवटी खरीखुरी शर्यत. करून बघायला कोण, असं मालकांनी विचारलं. मालकांचा गुडघा अचानक दुखायला लागला. मी तर खुर्चीखाली पडलेलं पेन शोधायला लागले.

"मी बघतो," टिंबकाका म्हणाले.

टिंबकाका आमचे मुद्रितशोधक. वय अठ्ठावन्न. निसटलेला अनुस्वार त्यांना ओळीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, म्हणून हे नाव. पानं तपासताना वाक्याचा कर्ता चुकला की त्यांचा जीव कासावीस होतो, पण स्वतः वाक्य म्हणून काही बोलत नाहीत. "हं", "बघतो", "झालं", एवढ्यात दिवस काढतात. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तर 'झालं'सुद्धा कमी ऐकू यायचं.

"जमेल का, काका?" मी विचारलं.

"आयुष्यभर लोकांच्या पुस्तकातल्या चुका काढल्या," ते म्हणाले. "एखादं पाळून बघतो."

पहिल्या प्रकरणात लिहिल्याप्रमाणे ते आधी डॉक्टरांकडे जाऊन हृदय आणि रक्तदाब तपासून आले. दुसऱ्या प्रकरणाप्रमाणे संध्याकाळी दुकानात जाऊन, अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटेल असे बूट घेतले. संध्याकाळपर्यंत पाय थोडे फुगतात, हेही पुस्तकातच होतं. तिसऱ्या प्रकरणापासून ते पहाटे चालू लागले, मग चालता चालता धावू लागले. पानं समोर येत गेली, समास कोरा राहत गेला. मास्तर खूश होते. मीही खूश होते, कारण कोऱ्या समासाइतकं सुंदर दृश्य संपादकाच्या नशिबी क्वचितच येतं.

तिसरा महिना लागला आणि काका लंगडत ऑफिसला आले. नडगीच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत ठणकत होतं. मी त्यांना गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. हाड शाबूत होतं, पण सूज होती. "इतक्या जोरात धावायला सांगितलं कोणी?" डॉक्टर म्हणाले. दोन आठवडे धावणं बंद.

त्याच दिवशी काकांच्या मुलीचा मला फोन आला. ती दूर दुसऱ्या गावात राहते.

"ताई, आता पुरे झालं," ती म्हणाली. "बाबांना मी इकडे घेऊन येते. त्या घरात ते एकटे, फोनवर नुसतं हं हं. जिवंत माणसाशी बोलतेय की भिंतीशी, कळत नाही मला. आता पायही गेला."

"काका काय म्हणाले?"

"पहिल्यांदाच सबंध वाक्य बोलले. म्हणाले, शर्यत पूर्ण झाली तर या घरात राहीन, नाही झाली तर तुझ्याकडे येईन. मी हो म्हटलंय. पण खरं सांगू का, मला ते हरलेलेच चालतील."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. तिचा नाही, काकांचा. त्या घरातली प्रत्येक खुंटी काकूंनी ठोकलेली होती. तिथून निघायला लागू नये म्हणून हा माणूस पाय मोडून घेणार होता, आणि तोंडातून एक शब्द काढणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पानं घेऊन त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसले. मास्तरांनाही बोलावून घेतलं.

"काका, हे तिसरं प्रकरण. 'वेग असा असावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत.' तुम्ही बोलू शकत होतात?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मला सोबती नाही," काका शांतपणे म्हणाले. "मग ते वाक्य मला लागू नाही, असं धरलं."

म्हणजे दोन महिने हा सज्जन माणूस दर खेपेला फेस येईस्तोवर पळत होता. वेगाचं दुसरं कुठलं माप पुस्तकात नव्हतंच, आणि हे माप दोघांसाठी लिहिलेलं होतं. काकांच्या आतला मुद्रितशोधक ते शब्दशः वाचून पुढे गेला होता. समासात प्रश्न लिहावा असं त्यांना वाटलंच नाही, कारण वाक्यात चूक नव्हती. सोबती नाही हा काही पुस्तकाचा दोष नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, स्वतःशी बोलायचं," मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले. "गाणं म्हणायचं. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. सुरुवातीची बहुतेक सगळी धाव अशी निवांतच असते. त्यानेच दम वाढतो, जोर लावून नाही."

"स्वतःशी काय बोलणार?" काका म्हणाले. आणि त्यांना खरंच ते माहीत नव्हतं.

मी ठरवून टाकलं. धावणं माझ्या बापजन्मात जमणार नव्हतं, पण सायकल होती.

"हे नियमात बसत नाही," मालक कुरकुरले. "करून बघणाऱ्याला मदत करायची नाही."

"मदत कुठे? पुस्तकाने सोबती धरलाय, तो मी पुरवते आहे," मी म्हटलं. मालकांना टोमॅटोची आठवण करून दिली, माळ्याला चोरून विचारल्याचीही. त्यांनी हात झटकून परवानगी दिली.

दोन आठवडे संपल्यावर मास्तरांनी काकांना पुन्हा चालण्यापासून सुरू करायला लावलं. तळ्याभोवतीच्या रस्त्यावर ते धावायचे आणि मी शेजारून इतक्या हळू सायकल चालवायचे की दोनदा पडले. "बोला," मी म्हणायचे. पहिला आठवडा ते टेबलावरच्या इतर पुस्तकांच्या पानांबद्दलच बोलले. अमुक प्रकरणात तक्ता उलटा लागलाय, तमुक ठिकाणी परिच्छेद तुटलाय. वाक्य अडखळलं की मी हात वर करायचे, ते चालायला लागायचे. एवढ्या हळू धावण्याची त्यांना लाज वाटायची. एक आजोबा नुसते चालत आमच्या पुढे निघून गेले तेव्हा तर फारच. पण नडगी गप्प राहिली.

आणि मग एका रविवारी लांबच्या धावेत, पानं संपल्यावर, काका म्हणाले, "ती बोलायची, मी हं म्हणायचो."

सायकल तेवढी सरळ ठेवली.

"आमचं दोघांचं बोलणं तिनंच सांभाळलं. मला वाटायचं, तिला सगळं कळतंच आहे, आता बोलून काय वेगळं सांगायचं. शेवटी दवाखान्यातसुद्धा तीच बोलली. दूधवाल्याला सुट्टी सांगा म्हणाली. मी हं म्हणालो." ते थोडं धावले. श्वास एकसारखा चालू होता. "खूप सांगायचं होतं, बाई. वाक्यं तयार होती सगळी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिसऱ्यांदा पडता पडता वाचले.

त्यानंतर आठवडे सरळ गेले. तीन आठवडे अंतर वाढायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं, पुन्हा वाढवायचं. शेवटचे पंधरा दिवस मास्तरांनी धावणं निम्म्यावर आणलं, तर काका पिंजऱ्यातल्यासारखे ऑफिसभर फिरायला लागले. मुलगी शर्यतीच्या आदल्या दिवशी आली ती नवेकोरे भारी बूट घेऊन. काकांनी ते हातात घेतले, प्रेमाने उलटसुलट करून बघितले आणि बाजूला ठेवले.

"शर्यतीच्या दिवशी काहीही नवं नको, असं लिहिलंय," ते म्हणाले.

"मी आणलेलंसुद्धा?"

"तुझं नाव वगळलेलं नाही."

ती रुसली, मग हसली. हसताना थेट काकूंसारखी दिसली.

शर्यतीच्या रस्त्यावर सायकलला बंदी होती. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या पहाटे गर्दीत काका दिसेनासे झाल्यावर खरा कळला. बाजूने हजारो लोक सुसाट निघणार, त्या ओढीने हेही पळणार, आणि हात वर करायला शेजारी कोणी नाही. मुलगी आणि मी शेवटच्या पाणपोईजवळ जाऊन उभ्या राहिलो. जोरात धावणारे येऊन गेले. मध्यम येऊन गेले. मग रस्ता विरळ झाला. स्वयंसेवक रिकामे कागदी पेले गोळा करायला लागले. मुलीने माझा हात घट्ट धरला होता. तिला ते हरलेले चालणार होते ना, असं मी विचारलं नाही.

वळणावरून काका आले. सावकाश, ताठ, जुन्याच बुटांत. दोन्ही हात थोडे हलत होते आणि ओठ अखंड चालू होते.

"फोनवर बोलताहेत की काय?" स्वयंसेवक म्हणाला.

ते जवळ आले तसं ऐकू येऊ लागलं. "...आणि तुझ्या त्या कुंडीला मी पाणी घालतो, पण जास्त होतं बहुतेक, पानं पिवळी पडलीत. पोरीने बूट आणलेत. उद्या घालीन, आज चालत नाही. चढ संपला बघ आता. तू म्हणायचीस तसंच झालं, मला कुठे काय बोलता येत नव्हतं, मी बोलत नव्हतो..." आम्ही दिसल्यावर त्यांनी हात हलवला, पेला घेतला, दोन घोट पाणी प्यायले, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करून निघून गेले. एकही शब्द तुटलेला नव्हता.

मुलगी रस्त्याच्या कडेला बसून रडली. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू देत त्यांना तिथेच. आई एकटी पडेल."

काकांनी शर्यत पूर्ण केली, जवळजवळ शेवटून. सोमवारी ते कठडा धरून जिना एकेक पायरी उतरत होते, पण टेबलावर वेळेत हजर होते. छपाईपूर्वीची शेवटची पानं त्यांनी माझ्याकडे दिली. पाच महिन्यांत सबंध पुस्तकाच्या समासात त्यांचं एकच वाक्य होतं, तिसऱ्या प्रकरणात, 'सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत' याच्यासमोर. मी ते मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, जसंच्या तसं छापा.

आता ते पुस्तकात आहे: 'सोबती हयात नसला तरी चालेल.'